केरबा, कोपल की प्लास्टिक? मिठाचं पाणी, सराफाचा काटा आणि ॲसिटोनचा एक थेंब

(जळगाव येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय सोन्याचा नाही, पण सोन्याच्या गावात तो बोलायलाच हवा. जळगावच्या सराफ बाजारात कुणी अंगठी घेऊन आलं, तर ती सोन्याची आहे की नाही हे दोन मिनिटांत कळतं. तोच माणूस मधाच्या रंगाची माळ पुढे करतो आणि म्हणतो, "आजीची आहे, केरबा म्हणतात, बघा बरं खरा आहे का." इथे मात्र कसोटीचा दगड कामाला येत नाही. मग कुणीतरी सुई तापवून मण्यात खुपसतं, वास घेतं आणि निकाल देतं. निकाल चुकतो तो चुकतोच, वर मण्याला कायमचं भोक पडतं.

म्हणून आज आपण मण्याला इजा न करता, घरातल्या आणि सराफाच्या दुकानातल्या साधनांनी कुठपर्यंत जाता येतं ते बघू. आणि कुठे थांबावं लागतं तेही बघू, कारण या विषयात फसवणूक बहुतेक वेळा तिथेच होते.

आधी नावांचा घोळ मिटवू. इंग्रजीतल्या ॲम्बरला आपण अंबर म्हणतो. पण अत्तरवाले ज्याला अंबर म्हणतात तो देवमाशाच्या पोटातला सुगंधी पदार्थ, तो वेगळा. आपला जुना शब्द केरबा. मूळ फारसी कहरुबा, म्हणजे काडी ओढून घेणारा. संस्कृत वळणाचं तृणमणी हे नावही तेच सांगतं. लोकरीवर घासला की हा मणी गवताची काडी, कागदाचा कपटा ओढून घेतो. ग्रीक लोक याला इलेक्ट्रॉन म्हणत आणि वीज या अर्थाचा इंग्रजी शब्द तिथूनच आला.

आता गंमत बघा. ज्या गुणावरून नाव पडलं, तोच गुण आज परीक्षेला निरुपयोगी आहे. तुमचा कंगवासुद्धा कागद ओढतो. प्लास्टिकही ओढतं, कोपलही ओढतं. उलट जुलैच्या दमट हवेत खरा केरबाही ढिम्म बसून राहतो. तेव्हा दुकानदाराने घासून कागद उचलून दाखवला, तर कौतुक करा, पैसे देऊ नका.

तिघांची ओळख

केरबा म्हणजे झाडाचा डिंकासारखा स्राव. खरं तर डिंक नाही, राळ. डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही. देवघरात धुपाबरोबर जाळतो ती राळ साल वृक्षाची. अशी राळ जमिनीखाली गाडली गेली की तिच्यातले उडून जाणारे तेलकट अंश हळूहळू निघून जातात आणि उरलेले रेणू एकमेकांना बांधले जातात. सुटे धागे होते, त्यांचं जाळं विणलं गेलं असं समजा. हे विणकाम पूर्ण व्हायला लाखो वर्षं लागतात. बाल्टिक समुद्राकाठचा केरबा साधारण चार-साडेचार कोटी वर्षांचा आहे, आणि म्यानमारच्या हुकाँग खोऱ्यातला सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांचा.

कोपल म्हणजे हेच विणकाम अर्धवट राहिलेली राळ. जुन्या व्हार्निशवाल्यांच्या भाषेत चंद्रस. काही शे वर्षांची, काही हजार वर्षांची. एकोणिसाव्या शतकात झांझिबारसमोरच्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जमिनीतून खणून काढलेली कोपल जहाजांनी मुंबईला येत असे आणि तिच्यापासून उत्तम व्हार्निश बनत असे. म्हणजे कोपल काही वाईट वस्तू नाही. केरबा म्हणून विकली जाते तेव्हा ती खोटी ठरते.

तिसरं प्लास्टिक, आणि यात एक नाही, बरीच भावंडं आहेत. जुन्या माळांमध्ये सेल्युलॉइड आणि बेकेलाइट सापडतं. नव्या मण्यांत ॲक्रिलिक, पॉलिएस्टर, इपॉक्सी, पॉलिस्टायरीन. बेकेलाइट १९०७ साली लिओ बेकलँडने शोधलं, हे साल लक्षात ठेवा. एखादा मणी बेकेलाइटचा निघाला, तर "दोनशे वर्षांपूर्वीची माळ" ही गोष्ट निदान त्या मण्यापुरती तिथेच संपते.

पहिली पायरी: मिठाचं पाणी

ही परीक्षा सर्वांना ऐकून माहीत असते, पण बहुतेक जण ती अंदाजाने करतात. ग्लासभर पाण्यात चमचाभर मीठ टाकून ती होत नाही. प्रमाण असं घ्या: २०० मिलिलिटर पाणी आणि ५० ग्रॅम मीठ. मीठ वजन करून घ्या आणि पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. या पाण्याची घनता साधारण १.१५ होते. केरब्याची घनता १.०५ ते १.१० असते. म्हणून केरबा साध्या पाण्यात बुडतो आणि या पाण्यात तरंगतो. बेकेलाइट १.२५च्या वर, सेल्युलॉइड १.३५च्या आसपास, ॲक्रिलिक १.१८. हे सगळे या पाण्यातही तळाला जातात.

काही जण म्हणतील, आम्ही मीठ विरघळायचं थांबेपर्यंत टाकतो, मग तर परीक्षा आणखी पक्की. तसं नाही. मीठ पूर्ण भरलं की पाण्याची घनता १.२०पर्यंत जाते आणि त्यात ॲक्रिलिकही तरंगायला लागतं. जास्त मीठ म्हणजे जास्त चाळणी नाही, उलट चाळणीची भोकं मोठी होतात. अंडं तरंगलं की पाणी तयार, ही समजूतही सोडा. अंडं त्याहून कमी मिठातही तरंगतं.

पाणी बरोबर झालंय का, हे पडताळायला आपल्या जळगावात फार सोपी सोय आहे. ठिबकच्या नळीचा एक तुकडा घ्या आणि पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा एक. ठिबकची नळी पॉलिथिनची, ती साध्या पाण्यातच तरंगते. पीव्हीसी १.४च्या आसपास, तो मिठाच्या पाण्यातही बुडतो. केरब्याची जागा या दोघांच्या मधे आहे. म्हणून मणी दोन्ही पाण्यांत घालून बघायचा: आधी साध्या, मग मिठाच्या. साध्या पाण्यातच तरंगला, तर एक तर तो हलकं प्लास्टिक आहे किंवा आत पोकळ आहे.

इथे चुका कशा होतात? मणी दोऱ्यात ओवलेला ठेवून करू नका, दोरा आणि धातूची कडी निकाल बिघडवतात. भोकात हवेचा बुडबुडा अडकला की जड मणीही वर राहतो, म्हणून पाण्याखाली बोटाने हलवून बुडबुडा काढा. चांदीत बसवलेला खडा असेल तर ही परीक्षा होतच नाही. आणि परीक्षा झाली की मणी साध्या पाण्यातून लगेच काढून पुसा, भोकही कोरडं करा. मीठ आत सुकलं की त्याचे खडे होतात आणि भोकाच्या कडा खरवडतात.

सराफाचा काटा

मिठाचं पाणी "हो किंवा नाही" एवढंच सांगतं. सराफाकडे ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा असतो, तो थेट आकडा सांगतो. आर्किमिडीजचीच युक्ती आहे, फक्त सोपी केलेली.

आधी कोरडा मणी तोला, वजन लिहून घ्या. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. मणी शिवणकामाच्या बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तो तळाला किंवा कडेला टेकता कामा नये, तुमच्या हाताला लटकलेलाच राहिला पाहिजे. आता काटा जो आकडा दाखवेल, ते मण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. झाली घनता.

एक मणी कोरडा २.१६ ग्रॅम, पाण्यात काटा दाखवतो २.००. भागाकार १.०८. केरब्याच्या पट्ट्यात बसला. दुसरा मणी दिसायला तसाच, कोरडा २.४२, पाण्यात १.९०. भागाकार १.२७. हा केरबा असूच शकत नाही, बेकेलाइटच्या घरचा आहे. मणी अगदी बारीक, अर्ध्या ग्रॅमचा असेल, तर काट्याच्या शेवटच्या आकड्यातल्या फरकाने उत्तर दोन टक्के इकडेतिकडे होतं, म्हणजे १.०८ ऐवजी १.०६ किंवा १.१० येईल. तरी १.२७ येणार नाही. तेव्हा प्लास्टिक वेगळं काढायला एवढी अचूकता पुरते.

पण आता खरी अडचण. कोपलची घनता १.०३ ते १.०८. म्हणजे केरब्याच्या पट्ट्यावरच पडते. पाणी असो की काटा, कोपल आणि केरबा वेगळे करता येत नाहीत. पॉलिस्टायरीन हे प्लास्टिकही १.०५चं, तेही यातून निसटतं. "मिठाच्या पाण्यात तरंगला म्हणजे खरा" हे वाक्य बाजारात ऐकाल. त्यातून कळतं फक्त एवढंच, की तो मणी बहुतेक प्लास्टिकांपैकी नाही.

दुसरी पायरी: ॲसिटोनचा थेंब

कोपल आणि केरबा यांतला फरक घनतेत नाही, विणकामात आहे. मग विणकामालाच प्रश्न विचारायचा. कोपलचे रेणू अजून सुटे आहेत, त्यामुळे द्रावक लागलं की पृष्ठभाग मऊ आणि चिकट होतो. केरब्याचं जाळं घट्ट असल्याने थोड्या वेळात काही होत नाही.

कापसाच्या काडीवर ॲसिटोनचा एक थेंब घ्या. नेलपॉलिश काढायचं द्रव चालतं, पण बाटलीवर "ॲसिटोनविरहित" लिहिलेलं नसावं. मण्याच्या भोकाच्या तोंडाशी, जिथे डाग पडला तरी दिसणार नाही तिथे, वीस सेकंद लावून ठेवा. मग काडी उचला. कापसाचे तंतू चिकटले, बोटाला चिकट लागलं किंवा चकाकी जाऊन ठिपका मंद झाला, तर ती कोपल आहे. नाहीतर पॉलिस्टायरीनसारखं प्लास्टिक. दोन्हींत केरबा नाही. काहीच झालं नाही, तर जागा लगेच पुसून टाका. केरब्याचाही काही भाग ॲसिटोनमध्ये फार वेळ ठेवल्यास विरघळतो, म्हणून मणी बुडवून ठेवायचा प्रयोग करू नका.

भोकाच्या तोंडाशीच का? दुसरं कारण असं की काही मण्यांवर चकाकीसाठी लाखेचा किंवा लॅकरचा हात दिलेला असतो. बाहेर थेंब लावला तर तो थर चिकट होतो आणि खरा मणी खोटा ठरतो. भोकाच्या आत बहुधा तो थर पोचलेला नसतो.

आणि क्रम पाळा: आधी पाणी, मग ॲसिटोन. उलटं केलंत तर बेकेलाइटचा मणी ॲसिटोनला दाद देत नाही, आणि तुम्ही त्याला केरबा म्हणून मोकळे व्हाल.

तापलेली सुई नकोच

सुई तापवून टोचली की केरब्याला चीड-देवदारासारखा राळेचा वास येतो, बेकेलाइटला कार्बॉलिकचा, सेल्युलॉइडला कापराचा. पुस्तकात हे सगळं खरं आहे. प्रत्यक्षात कोपल आणि केरबा यांच्या वासातला फरक सरावलेल्या नाकालाही गोंधळात टाकतो. म्हणजे जिथे मदत हवी तिथेच ही परीक्षा कच्ची. शिवाय मण्याला भोक पडतं, तडा जाऊ शकतो. आणि मणी सेल्युलॉइडचा निघाला तर तो भडकन पेट घेतो. ते रासायनिकदृष्ट्या बंदुकीच्या कापसाचं भावंड आहे. दुकानात, कागदांच्या शेजारी हा प्रयोग करू नका. वासच घ्यायचा असेल तर मणी तळहातावर जोरात घासून कोमट करा आणि हुंगा. थोडं कळतं, नुकसान काही नाही.

एका माळेचा हिशेब

धुळ्याच्या तीन बहिणींकडची एक माळ माझ्याकडे आली होती. एकेचाळीस मणी. आजीची माळ तिघींनी वाटून घ्यायची, एवढाच प्रश्न होता. मोजून तीन भाग करायचे असं जवळपास ठरलेलं.

पहिलं काम केलं ते फोटो काढण्याचं. माळ सोडायच्या आधी मण्यांचा क्रम टिपून घेतला आणि अंड्यांच्या ट्रेसारख्या खणांत क्रमवार मणी ठेवले. भिंग लावून प्रत्येक भोक पाहिलं. पाच मण्यांच्या कडेने एक बारीक सरळ रेघ गेली होती, साच्याचे दोन भाग जुळतात तिथे पडते तशी. बाकीच्यांच्या भोकांच्या कडा बारीक टवके उडालेल्या होत्या, राळेसारखा ठिसूळ पदार्थ हाताने पाडला की होतात तशा.

मिठाच्या पाण्यात हेच पाच मणी बुडाले. काट्यावर त्यांची घनता १.२७च्या आसपास आली. छत्तीस तरंगले. या छत्तीस मण्यांच्या भोकाशी थेंब लावला, तेव्हा सात चिकट झाले. त्या सातांवर भिंगातून बारीक तड्यांचं जाळंही दिसत होतं, सुकलेल्या तळ्याच्या गाळासारखं. कोपल उघडी राहिली की तिच्यातले तेलकट अंश उडत राहतात, पृष्ठभाग आकसतो आणि अशी जाळी लवकर पडते. जुन्या केरब्यावरही जाळी येते, म्हणून एकट्या जाळीवर निकाल देऊ नये. पण थेंबाच्या जोडीला ती चांगली साक्ष आहे.

उरले एकोणतीस. ते केरबा असण्याची शक्यता मोठी होती. पक्कं करायला त्यांतला एक मणी मुंबईच्या रत्नतपासणी प्रयोगशाळेत पाठवायला सांगितला, आणि तो केरबाच निघाला. म्हणजे माळ केव्हातरी तुटली होती आणि हरवलेल्या मण्यांच्या जागी मिळतील ते मणी, बहुधा दोन वेगवेगळ्या वेळी, ओवले गेले होते. मोजून वाटणी झाली असती तर एकीच्या वाट्याला बारा बनावट मणीही येऊ शकले असते. त्यांनी माळ तोडायचा विचार सोडला, हा त्यांचा घरचा निर्णय. माझं काम क्रमाने वेगळं करून देण्याचं होतं.

आपल्या सगळ्यात जवळचा केरबा काय सांगतो

आता तुम्हाला एक गोष्ट सांगतो, जिने या परीक्षांची हद्द नीट कळते. आपल्याकडून सुरतकडे जाणारी रेल्वे तापीच्या खोऱ्यातून जाते. अमळनेर, नंदुरबार, नवापूर, व्यारा. सुरतजवळ वस्तान आणि तडकेश्वर इथे लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या खाणी आहेत. त्या कोळशाच्या थरांत केरबा सापडतो. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा. २०१० साली भारतीय, जर्मन आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्यावरचं संशोधन प्रसिद्ध केलं. त्यात अडकलेल्या कीटकांच्या शंभराच्या आसपास जाती त्यांना सापडल्या.

हा केरबा ज्या झाडांचा, त्यांचं कुळ साल वृक्षाचंच. म्हणजे आपल्या देवघरातल्या राळेचा हा पाच कोटी वर्षांचा पूर्वज. आणि या कुळातल्या राळेचे रेणू बाल्टिक केरब्यासारखे घट्ट विणले जात नाहीत. त्यामुळे वस्तानचा केरबा द्रावकात विरघळतो! शास्त्रज्ञांनी याचाच फायदा घेतला. एरवी कीटक केरब्यात बंद असतो, बाहेरून भिंगातून बघायचा. इथे राळ विरघळवून त्यांनी अख्खे कीटक बाहेर काढले.

आपल्या दृष्टीने याचा अर्थ काय? ॲसिटोनचा थेंब वय मोजत नाही, तो विणकाम मोजतो. बाजारात दागिन्यांसाठी येणारा केरबा मुख्यतः बाल्टिक, आणि त्याला हा थेंब बरोबर ओळखतो. पण कुणी वस्तानचा तुकडा आणला, तर हाच थेंब त्याला कोपल म्हणेल, आणि चुकेल.

उलट दिशेनेही चूक होते. कोपलला बंद भांड्यात उष्णता आणि दाब देऊन तिचं विणकाम कृत्रिमरीत्या घट्ट करतात. "हिरवा अंबर" नावाने विकल्या जाणाऱ्या मालात अशी प्रक्रिया केलेली कोपल सापडली आहे. ती थेंबाला दाद देत नाही. इथे घरगुती परीक्षा संपतात. मग इन्फ्रारेड तपासणी लागते. त्यात पदार्थातून इन्फ्रारेड किरण पाठवून कोणते किरण शोषले जातात याचा आलेख काढतात. बाल्टिक केरब्याच्या आलेखात एका ठिकाणी खांद्यासारखा सपाट उतार येतो, तो इतरांत दिसत नाही. किमती वस्तू असेल तर हा खर्च करावा. दोनशे रुपयांच्या माळेसाठी करू नये.

खान्देशातली निगा

ओळख पटली, आता सांभाळायचं कसं. केरब्याचे शत्रू तीन: उष्णता, ऊन आणि द्रावक. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. बंद गाडीत याहून पुष्कळ जास्त. गाडीच्या आरशाला केरब्याची माळ किंवा तस्बीह लटकवली, तर उन्हाने तिचा रंग गडद होतो आणि पृष्ठभागावर तड्यांची जाळी येते. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतलं लोखंडी कपाटही जागा चांगली नाही. घरातला थंड, अंधारा कप्पा बघा.

अत्तर, हेअर स्प्रे, सॅनिटायझर, नेलपॉलिश काढायचं द्रव हे सगळं आधी लावून, वाळल्यावर माळ घालायची. तिजोरीत कापूर किंवा डांबराच्या गोळ्या ठेवायची सवय असेल तर केरबा तिथे नको. त्यांची वाफ राळेला बरी नाही.

साफसफाई म्हणजे कोमट पाण्यात पिळलेलं मऊ सुती फडकं, फार तर सौम्य साबणाचा एक थेंब, आणि लगेच कोरडं करणं. सोडा, रिठ्याची उकळी, दागिने धुवायचं आम्ल, ध्वनिलहरींचं यंत्र, वाफ, यांतलं काहीही नको. सराफाकडे दुरुस्तीला देताना आवर्जून सांगा की झाळकाम करण्याआधी खडा काढून ठेवावा. जर्मन भाषेत केरब्याला जळणारा दगड अशा अर्थाचं नाव आहे, ते उगाच नाही. जाळी झाकायला खोबरेल तेल चोळतात, त्याने आठवडाभर चकाकी येते. पण तेल तड्यांत शिरून बसतं, धूळ धरतं आणि पुढे पिवळं पडतं.

माळ रेशमी दोऱ्यात, दोन मण्यांमध्ये गाठ घालून ओवून घ्या. तार नको, तार भोकाची कड कापते. सोन्याच्या दागिन्यांत टाकू नका, नखानेही ओरखडा पडू शकेल इतका हा मऊ आहे. सुती पिशवी वेगळी ठेवा. आणि सेल्युलॉइडचे मणी ओळखू आले, तर ते सगळ्यांपासून दूर ठेवा. जुनं सेल्युलॉइड कुजताना आम्लाची वाफ सोडतं, त्याने शेजारचा धातू आणि मणी दोन्ही खराब होतात.

श्रोत्यांचे प्रश्न

*आत किडा असेल तर तो खराच ना?*

उलट जास्त शंका घ्या. राळेत अडकलेला कीटक धडपडतो. पाय वाकडे, पंख विस्कटलेले, आजूबाजूला प्रवाहाच्या रेषा असतात. मण्याच्या बरोबर मध्यभागी, पंख पसरून बसलेला मोठा अख्खा कीटक दिसला, तर तो बहुधा पॉलिएस्टरमध्ये ओतलेला आहे. मिठाच्या पाण्यात घाला, बुडेल. आणि कोपलमध्येही खरे कीटक असतात, म्हणून तरंगला तरी थेंबाची परीक्षा चुकवू नका.

*दुकानदार मणी सोडून परीक्षा करू देणार नाही, मग?*

नाही देणार, आणि त्याचंही बरोबर आहे. अशा वेळी दोन गोष्टी करा. भिंगाने साच्याची रेघ आणि भोकाच्या कडा पाहा, त्याला कुणाची हरकत नसते. आणि बिलावर वस्तूचं नाव स्पष्ट लिहून मागा: "नैसर्गिक केरबा, दाबून जोडलेला नाही." केरब्याचा चुरा तापवून दाबून मोठे मणी करतात, तोही रासायनिकदृष्ट्या केरबाच, म्हणून पाणी आणि थेंब दोन्हींत पास होतो. भिंगातून त्यातले बुडबुडे एकाच दिशेने लांबट ओढलेले दिसतात. त्याची किंमत अखंड मण्यापेक्षा बरीच कमी असायला हवी. "केरबा" एवढाच शब्द बिलावर असेल तर नंतर भांडायला जागा उरत नाही. दुकानदार ते वाक्य लिहायला तयार नसेल, तर तेच त्याचं उत्तर समजा.

*कोपलची माळ निघाली तर टाकून द्यायची का?*

अजिबात नाही. घाला, फक्त केरब्यापेक्षा जास्त जपा. ती लवकर मऊ पडते, घामाने आणि अत्तराने चिकट होते. आणि पुढच्या पिढीला देताना चिठ्ठी लिहून पिशवीत ठेवा: कोणते मणी कशाचे, कधी तपासले, घनता किती आली. म्हणजे पुढे कुणाला सुई तापवायची वेळ येणार नाही.